छेदाचा प्रश्न : क्षयरोग नियंत्रणातील समूह-अहवाल आणि सिंधुदुर्ग-मुंबई स्थलांतर

प्रस्तावना

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात औषधांच्या शोधांना जेवढे स्थान मिळते, तेवढे नोंदवह्यांना मिळत नाही. क्षयरोगाच्या बाबतीत हा अन्याय विशेष जाणवतो. प्रभावी औषधे १९५० च्या दशकापासून उपलब्ध होती. परंतु औषध सुरू केलेल्या रुग्णांपैकी नेमके किती बरे झाले, या प्रश्नाचे उत्तर भारतातील बहुसंख्य जिल्ह्यांना पुढील चार दशके विश्वासाने देता येत नव्हते. ते उत्तर ज्या पद्धतीमुळे शक्य झाले, ती म्हणजे समूहनिहाय अहवाल, ज्याला आरोग्यखात्याच्या भाषेत कोहॉर्ट अहवाल म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीची घडण आणि मर्यादा यांचा विचार केला असून, त्यासाठी देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनारपट्टीवरील गावाची आणि मुंबईची सांगड डोळ्यांसमोर ठेवली आहे. ज्या प्रदेशातील कर्ता माणूस वर्षाचे दहा महिने दुसऱ्या शहराच्या लोकसंख्येत राहतो, तेथे या अहवालाची खरी परीक्षा होते.

गोळी दिली आणि गोळी घेतली

जुन्या काळी क्षयरोग्याला आरोग्यधामात पाठविणे हाच उपचार समजला जाई. मिरजेजवळील वान्लेसवाडीचे आरोग्यधाम महाराष्ट्रातील वाचकांना परिचित आहे. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवर आधारलेली ही व्यवस्था खाटांच्या संख्येने मर्यादित होती. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या केमोथेरपी केंद्राने तिला धक्का दिला. वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात, तर दुसऱ्याला दाटीच्या वस्तीतील स्वतःच्या घरी तीच औषधे वर्षभर दिली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते, आणि घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही.

या संशोधनाचा दुसरा भाग मात्र कमी चर्चिला गेला. घरी दिलेली औषधे रुग्ण खरोखर घेतात की नाही, हे पाहण्यासाठी संशोधकांनी लघवीची तपासणी केली व उरलेल्या गोळ्या मोजल्या. अनेक रुग्ण नियमित गोळ्या घेत नव्हते, आणि कोण घेईल व कोण घेणार नाही याचा अंदाज शिक्षण, स्वभाव किंवा आर्थिक स्थितीवरून बांधता येत नव्हता. यातूनच आठवड्यातून मोजक्या वेळा, पण कर्मचाऱ्यांच्या समोर औषध देण्याची कल्पना पुढे आली आणि मद्रासमध्ये आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली दिलेल्या उपचाराचे प्रयोग १९६० च्या दशकात यशस्वी झाले. पुढे जी डॉट्स पद्धत परदेशी तज्ज्ञांची देणगी म्हणून भारतात आली, तिचे एक मूळ अशा रीतीने भारतातच होते.

रुग्णशोधाबाबतही असाच एक मूलभूत अभ्यास येथेच झाला. बंगलोरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेल्या व १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजशास्त्रीय अभ्यासात असे दिसून आले, की क्षयरोगाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक आपण होऊन सरकारी दवाखान्यात गेलेले होते. मात्र बहुतेकांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. म्हणजे रुग्ण दडून बसलेला नव्हता; तो बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतच उभा होता. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम या विचारसरणीवर उभारला गेला. जिल्हा क्षयरोग केंद्राचा आराखडा उत्तम होता. परंतु १९९२ मध्ये भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व स्वीडनची सहाय्य संस्था यांच्यासह घेतलेल्या आढाव्यात औषधांचा तुटवडा, क्ष-किरण चित्रावरील अवाजवी भिस्त आणि निम्म्याहूनही कमी रुग्णांचा पूर्ण उपचार, हे दोष उघड झाले. याहून महत्त्वाचा दोष असा, की उपचारांच्या फलिताविषयी पद्धतशीर माहितीच उपलब्ध नव्हती. किती रुग्ण सापडले हे सांगता येत होते. त्यांचे पुढे काय झाले, हे नव्हे.

समूहाची कल्पना

ही उणीव भरून काढणारी नोंदपद्धती कारेल स्टिब्लो यांनी टांझानियात १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुजविली. मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे असलेले स्टिब्लो दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावणीत स्वतः क्षयरोगाने आजारी पडले होते. त्यांच्या पद्धतीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : ज्या तिमाहीत रुग्णाची नोंद झाली, त्या तिमाहीच्या समूहाचा तो कायमचा सदस्य, त्याचे नाव त्यातून पुन्हा खोडता येत नाही. प्रत्येक सदस्याचा शेवट ठरलेल्या प्रकारांपैकी एका प्रकारात दाखवावाच लागतो. बरा झाला, उपचार पूर्ण झाले पण अखेरची थुंकी तपासली नाही, मृत्यू पावला, उपचार निष्फळ ठरले, उपचार खंडित झाले, किंवा अन्यत्र बदलून गेला व फलित कळले नाही, असे ते सहा प्रकार होत. अंशात कितीही भर पडो, छेद मात्र पहिल्या दिवशीच ठरलेला असतो.

भारताने १९९३ पासून निवडक क्षेत्रांत, त्यांत मुंबईतही, या पद्धतीची चाचणी घेतली. १९९७ मध्ये सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाचा अधिकृत विस्तार सुरू झाला आणि मार्च २००६ मध्ये संपूर्ण देश त्याच्या कक्षेत आला. त्या काळातील नवीन थुंकीदूषित रुग्णाला आठवड्यातून तीन दिवस औषध मिळे : पहिल्या टप्प्यात आठ आठवड्यांत २४ मात्रा, सर्व कर्मचाऱ्यासमोर, दुसऱ्या टप्प्यात १८ आठवड्यांत ५४ मात्रा, ज्यांपैकी प्रत्येक आठवड्याची पहिली मात्रा समोर व उरलेल्या घरी. रिकामे पाकीट परत आणून दाखवावे लागे. प्रत्येक रुग्णाच्या नावे संपूर्ण उपचाराची औषधे असलेला स्वतंत्र खोका राखून ठेवला जाई. ही तरतूद साधी वाटते. पण मध्येच औषध संपल्याने उपचार बंद पडण्याची जुनी तक्रार तिनेच दूर केली.

क्षयरोग पथकाकडून दर तिमाहीला तीन वेगवेगळ्या काळांची माहिती एकाच वेळी जाई. उदाहरणार्थ, एप्रिल २००४ मध्ये पाठवावयाच्या अहवालात जानेवारी ते मार्च २००४ मध्ये नोंदलेल्या रुग्णांची संख्या असे. त्याआधीच्या तिमाहीतील रुग्णांची थुंकी दोन-तीन महिन्यांनी निर्दोष झाली का, हे असे. आणि जानेवारी ते मार्च २००३ च्या समूहाचे अंतिम फलित असे. वर्षाहून अधिक थांबण्याचे कारण सरळ आहे. मार्चअखेरीस नोंदलेल्या, लांबलेल्या उपचाराच्या रुग्णाचाही निकाल लागल्याखेरीज समूह बंद करता येत नाही. अधिकाऱ्यांना ताजी टक्केवारी हवी असते. समूह-अहवाल ती देण्यास नकार देतो, आणि त्याची विश्वासार्हता या नकारातच आहे.

एका समूहाची मांडणी

पद्धतीची ताकद पाहण्यासाठी एक काल्पनिक समूह मांडून पाहता येईल. एका पथकात एका तिमाहीत ४० नवीन थुंकीदूषित रुग्ण नोंदले गेले, असे समजू. त्यांपैकी ३० बरे झाले, दोघांचे उपचार पूर्ण झाले, दोघे मृत्यू पावले, एकाचे उपचार निष्फळ ठरले, तिघांचे खंडित झाले आणि दोघे अन्यत्र बदलून गेले. यश ४० पैकी ३२, म्हणजे ८० टक्के. कार्यक्रमाचे उद्दिष्ट ८५ टक्के होते. आता कोणी म्हणेल, की बदलून गेलेले दोघे आमच्या हातातच नव्हते, त्यांना वगळावे. तसे केल्यास यश ३८ पैकी ३२, म्हणजे ८४ टक्के होते. उपचार सोडणारे तिघे स्वतःच्या दोषाने गेले असे मानून त्यांनाही वगळले, तर तेच यश ३५ पैकी ३२, म्हणजे ९१ टक्के होते. एकही रुग्ण अधिक बरा न होता, केवळ छेद आकसून अकरा टक्क्यांचे यश पदरात पडले. समूह-पद्धतीने नेमकी हीच वाट बंद केली.

मात्र तिने दुसरी वाट उघडी ठेवली. थुंकी दूषित आढळूनही औषध सुरू होण्याआधीच जो रुग्ण दिसेनासा झाला, त्याची नोंद प्रयोगशाळेच्या वहीत असते, क्षयरोग नोंदवहीत नसते. वरील पथकात असे चार रुग्ण असतील, तर खरे यश ४४ पैकी ३२, म्हणजे जेमतेम ७३ टक्के. हे अहवालाच्या आकड्यांतून कधीच उमगत नाही. ते उमगण्यासाठी पर्यवेक्षकाने दोन्ही वह्या शेजारी ठेवून प्रयोगशाळेतील प्रत्येक दूषित नावापुढे उपचार क्रमांक आहे की नाही, हे पाहावे लागते. अनुभवी पर्यवेक्षक आणखी एक खूण पाहतो. थुंकीच्या रुग्णांत ‘बरा झाला’ ऐवजी ‘उपचार पूर्ण’ असे शेरे वाढू लागले, की अखेरची थुंकी तपासली जात नाही, असे समजावे. आणि दोन महिन्यांनंतरचे निर्दोष होण्याचे प्रमाण कमी असताना अंतिम यश मात्र उत्तम दिसत असेल, तर वह्या पुन्हा उघडाव्यात.

गाव आणि मुंबई

या वह्या कोकणच्या किनाऱ्यावर येतात, तेव्हा प्रश्नाला वेगळे वळण मिळते. पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यातून १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला, मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या मनुष्यबळ मिळाले. चाळीतील एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, कापसाची धूळ आणि गावाकडे राहिलेले कुटुंब या चित्राला क्षयरोगाची एक बाजू होती. आजारी पडलेला कामगार गावी परते. गिरण्या गेल्या, चाकरमानी राहिला. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. वाढत्या महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेला हा जिल्हा आहे आणि येथे पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक आहेत.

मिठबावचा एक तरुण मुंबईत नोकरीस आहे, अशी कल्पना करू. सोमवार, १० फेब्रुवारी २००३ रोजी मुंबईतील एका पथकात त्याची थुंकीदूषित रुग्ण म्हणून नोंद होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार या क्रमाने १४ मार्चपर्यंत त्याच्या १५ मात्रा होतात. खोकला थांबलेला असतो, भूक परत आलेली असते. तिसऱ्या आठवड्यात होळी. शिमग्याला गावी न जाणे चाकरमान्याच्या कल्पनेत बसत नाही. पुढे वैशाखातील लग्ने, घर शाकारणी यांत दिवस निघून जातात. पहिल्या टप्प्यातील नऊ मात्रा मुंबईतील खोक्यात पडून राहतात. औषध घेतल्याला दोन महिने उलटले, की नियमाप्रमाणे त्याचे उपचार खंडित ठरतात आणि जानेवारी ते मार्चच्या समूहात त्याच्या नावापुढे तसा शेरा कायम होतो. जूनमध्ये तो पुन्हा खोकत मुंबईस येतो आणि थुंकी दूषित निघते, तेव्हा त्याला पुनरुपचाराच्या गटात नवा क्रमांक मिळतो. आता तो एप्रिल ते जूनच्या दुसऱ्या समूहात असतो. ज्या ८५ टक्क्यांची चर्चा होते, ते नवीन रुग्णांच्या समूहाचे असल्याने त्याचा पुढचा आठ महिन्यांचा प्रवास त्या आकड्यात कोठेच दिसत नाही.

याच तरुणाने जाण्याआधी सांगितले असते, तर त्याला बदलीपत्र मिळाले असते. गावाकडील पथकाने त्याची नोंद ‘बदलून आलेला’ अशी केली असती. उपकेंद्रातील परिचारिकेने किंवा वाडीतील अंगणवाडी सेविकेने त्याला औषध दिले असते. तरीही तो सिंधुदुर्गाच्या समूहात मोजला गेला नसता, कारण तो मुंबईच्या समूहाचा सदस्य होता. औषध एका जिल्ह्याने द्यायचे, फलित दुसऱ्याने दाखवायचे. आणि ते कळविणारा कागद उलट प्रवास करून मुंबईस पोहोचला नाही, तर पूर्ण बरा झालेला माणूसही अहवालात ‘बदलून गेला’ एवढाच उरतो. गावच्या परिचारिकेचे सुमारे पाच महिन्यांचे काम कोणत्याच टक्केवारीत येत नाही. येथे नियम चुकीचा नव्हता. एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये, म्हणून तो आवश्यकच होता. पण नियम लिहिताना गृहीत धरलेला रुग्ण एका जागी राहणारा होता.

तिसरी शक्यता अधिक घातक. निदान मुंबईत झाले आणि पत्ता गावचा असल्याने रुग्णाला चिठ्ठी देऊन उपचारासाठी गावी पाठविले. तो गावच्या केंद्रात पोहोचलाच नाही, किंवा गावात बोभाटा होईल या भीतीने खाजगी डॉक्टरकडे गेला. मुंबईने त्याला पाठविला, म्हणून त्याची नोंद केली नाही. सिंधुदुर्गाला तो आल्याचे ठाऊक नाही. कोणाच्याच छेदात नसलेला हा रुग्ण कोणाचेच यश कमी करीत नाही. भीतीचा मुद्दाही किरकोळ नाही. माडांच्या बागांत विखुरलेल्या वाडीवर आठवड्यातून तीनदा आरोग्य कर्मचारी घरी येतो, ही गोष्ट लपत नाही. प्रत्यक्ष देखरेख म्हणजे प्रत्यक्ष जाहीर होणे, असा तिचा अर्थ गावात लावला जातो.

रुग्णशोधाचा छेद

आतापर्यंतचा छेद निदान मोजलेल्या माणसांचा होता. रुग्णशोधाच्या टक्केवारीचा छेद अंदाजाचा होता. दरवर्षी किती टक्के बालकांना नव्याने लागण होते, हे ट्युबरक्युलिन चाचणीवरून काढायचे आणि दर एक टक्का लागणीमागे लाखात सुमारे ५० नवीन थुंकीदूषित रुग्ण धरायचे, हा स्टिब्लोंचाच नियम. २००० ते २००३ या काळातील सर्वेक्षणात पश्चिम विभागात हे प्रमाण १.६ टक्के आढळले. त्यावरून महाराष्ट्रासह या विभागासाठी लाखामागे ८० रुग्ण अपेक्षित धरले गेले. उद्दिष्ट त्यांच्या ७० टक्के.

हे गणित सिंधुदुर्गाला लावले, तर २००१ च्या लोकसंख्येवर वर्षाला सुमारे ६९५ नवीन थुंकीदूषित रुग्ण अपेक्षित, आणि त्यांपैकी सुमारे ४८७ शोधणे हे उद्दिष्ट ठरते. परंतु विभागाची सरासरी मुंबईच्या दाटीलाही धरून काढलेली आहे. ज्या वयात आणि ज्या लिंगात थुंकीदूषित क्षयरोग सर्वाधिक आढळतो, ते तरुण व मध्यमवयीन पुरुष या जिल्ह्यात कमी, मुंबईत अधिक. अशा जिल्ह्यात शोध कमी भरला, तर दोन अर्थ निघू शकतात : कर्मचारी रुग्ण शोधत नाहीत, किंवा तेवढे रुग्ण येथे नाहीतच. टक्केवारी या दोहोंत भेद करू शकत नाही. भेद करायचा, तर अंदाजित छेद बाजूला ठेवून बाह्यरुग्ण विभागाकडे जावे लागते. प्रौढ बाह्यरुग्णांपैकी दोन-तीन टक्के लोकांची थुंकी तपासली गेली पाहिजे आणि तपासलेल्यांपैकी सुमारे दहा टक्के दूषित निघावेत, असा कार्यक्रमाचा ठोकताळा होता. तपासलेल्यांची संख्याच कमी असेल, तर दोष शोधाचा. भरपूर तपासूनही दूषित फार थोडे निघत असतील, आणि काचपट्ट्यांची फेरतपासणी बिनचूक असेल, तर रोग खरोखर कमी असण्याचा संभव अधिक. तुमकूरच्या अभ्यासाचा धडा येथे उपयोगी पडतो. उत्तर दवाखान्याच्या रांगेत असते. स्टिब्लोंचा हा नियमही पुढे टिकला नाही. २००८ मध्ये झालेल्या फेरविचारात लागण व रोग यांतील ते ठरावीक नाते बदललेल्या परिस्थितीत लागू पडत नसल्याचे दाखविण्यात आले.

अहवालाबाहेरचे रुग्ण

२००७ मध्ये ७० व ८५ ही दोन्ही उद्दिष्टे देशपातळीवर गाठल्याचे जाहीर झाले. पण खाजगी क्षेत्र या हिशेबाबाहेरच होते. धारावीतील १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयरोगासाठी ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहून दिल्याचे मुकुंद उपळेकर व डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्येच दाखविले होते. २०१२ च्या आरंभी मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या बारा रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, आणि यशाच्या टक्केवारीमागे काय दडू शकते, याची जाणीव सर्वत्र पसरली. त्याच वर्षी मे महिन्यात खाजगी डॉक्टरांनाही रुग्णाची नोंद कळविणे बंधनकारक करण्यात आले आणि निक्षय ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली.

निक्षयने रुग्णाला एकच ओळखक्रमांक दिला. मिठबावचा तरुण मुंबईहून गावी आला, तरी क्रमांक तोच राहतो आणि उलट प्रवास करणाऱ्या कागदाची गरज उरत नाही. शब्दही बदलले : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या व्याख्यांत उपचार बुडविणारा असा दोषारोप जाऊन संपर्क तुटलेला रुग्ण हा शब्द आला, आणि बदलून गेलेले ‘मूल्यमापन न झालेले’ या सदरात छेदातच राहिले. २०१७ मध्ये दररोज औषध देण्याची पद्धत ज्या राज्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. आठवड्यातून तीन मात्रांचा काळ संपला. जुन्या समूह-अहवालाची आणखी एक फट होती. बरा ठरलेला रुग्ण वर्षभराने पुन्हा आजारी पडला, तर आधीचे यश तसेच राही. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी उपचारानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा सांगितला. उपचार संपताच मुंबईच्या नोकरीवर परतणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हा पाठपुरावा कोणत्या गावाने करायचा, हा प्रश्न ओळखक्रमांकाने सुटत नाही. त्यासाठी कोणीतरी फोन करावा लागतो.

छेदाविषयीचा जुना वाद २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने पुन्हा उकरून काढला. त्यात लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कोठेही उपचारासाठी गेलेले नव्हते, आणि सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के क्ष-किरण चित्र काढले नसते तर निसटले असते. तुमकूरमध्ये निम्मे रुग्ण रांगेत उभे होते. १९९२ च्या आढाव्याने क्ष-किरणावरील भिस्त हा दोष मानला होता. दोन्ही बाबींत उत्तर उलटे आले आहे, आणि ज्या छेदावर रुग्णशोधाची जुनी टक्केवारी उभी होती, तो आता घरोघर जाऊन मोजावा लागत आहे.